जोडव्यात अडकलेली चंदेरी

लातूरला गंजगोलाईजवळच्या गल्लीत माझं रफू आणि फॉल-पिकोचं छोटं दुकान आहे. मागच्या मार्गशीर्षात एका सकाळी शटर उघडतच होते, तेवढ्यात औशाकडच्या एक मावशी आल्या. पिशवीत सुनेची हिरवी टिशू चंदेरी, हातात लहान कात्री.

"ताई, जोडव्यात अडकून दोरा बाहेर आलाय. कापून टाकू का? उद्या डोहाळजेवण आहे."

मी आधी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली.

साडी खिडकीशी नेऊन पाहिली. निऱ्यांच्या भागात, खालच्या काठापासून चार बोटं वर जरीचा आडवा धागा इंचभर वर उचलला होता. त्या रेषेत वर वीतभर कापड चुण्या पडून गोळा झालेलं. इंचभर उंच फास म्हणजे दोनेक इंच दोरा बाहेर आलेला. तो कापला असता तर तेवढा दोरा कापडातून कायमचा गेला असता. चुण्या सुटल्या असत्या, पण जर जिथून तुटली तिथून दोन्हीकडे सरकत राहिली असती आणि जागेवर उघडी रेघ उरली असती. साध्या सुती साडीत अशी रेघ लपते. टिशूत आरपार दिसतं, तिथे ती लपत नाही.

रेशीम-सुती चंदेरीत उभे धागे रेशमाचे, आडवे सुताचे. (आपल्या औरंगाबादच्या हिमरूत नेमकं उलटं असतं, उभा सुताचा आणि आडवा रेशमाचा.) टिशूत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, जर सगळ्या अंगभर चालवतात, म्हणून ती चमक येते. त्यात चंदेरीचं रेशीम न उकळलेलं, अंगचा डिंक राखलेलं असतं. कापड कडक, कुरकुरीत राहतं ते त्या डिंकामुळे, आणि इतके बारीक धागे आपापल्या जागी धरून ठेवतो तोही तोच.

म्हणून दोरा परत घालायचा धीर झाला. साडी पांढऱ्या चादरीवर पसरून बाण्याच्या दिशेने दोन्ही हातांनी हलकेच ताणली. थोडा फास तेवढ्यानेच आत गेला. पुढचं काम बोथट सुईचं. फासापासून अर्ध्या इंचावर त्याच धाग्याचा एक टाका सुईने उचलायचा, केसभर ढील तिकडे ओढून घ्यायची, मग पुढच्या अर्ध्या इंचावर तेच. एका फेरीत सगळं ओढायला गेलं की चुणी नुसती जागा बदलते, शिवाय जरीचा वर गुंडाळलेला पत्रा उसवून आतला दोरा उघडा पडतो. माझ्या आठ फेऱ्या झाल्या. दुपारी दीडला कापड सपाट झालं. उन्हाकडे धरलं तरच पुसट ओळ दिसत होती.

मावशींचा जीव भांड्यात पडला. मी साडी पूर्ण उलगडली आणि पदरापाशी माझाच हात थांबला.

पदर लुळा होता. बाकी साडी कागदासारखी वाजत होती, पदर फडक्यासारखा पडत होता. खांद्याला पिन लावतात तिथे धागे फाकून करंगळी जाईल एवढी फट झालेली. विचारल्यावर कळलं, वर्षापूर्वी पदरावर रस्सा सांडला म्हणून तेवढाच भाग गरम पाण्यात धुण्याच्या पावडरने चोळून धुतला होता. गरम पाणी आणि पावडरचा खार, दोन्ही मिळून रेशमाचा डिंक विरघळवतात. धागा तुटलेला नव्हता, त्याला धरणारं काही उरलं नव्हतं. इथे सुईने धागे जवळ आणले की हात काढताच परत सरकत.

"खळ दिली तर?" मावशींनी विचारलं.

खळीने कडकपणा येईल, पण पुढच्या धुण्यात ती निघून जाईल, आणि खळ घालून ठेवलेल्या साडीला कसर लागते. मी नाही म्हणाले. फटीमागे त्याच हिरव्या रंगाच्या पातळ ऑर्गंझाचा तुकडा लावला, रेशमाच्या एकेरी दोऱ्याने, आणि पिन उद्या त्या जागी लावायची नाही असं दोनदा सांगितलं. उजेडात तुकडा दिसणार, हेही सांगितलं. रस्सा परत सांडला तर कोरड्या सुती कपड्याने टिपून सरळ ड्रायक्लीनला द्यायचं, घरी पाणी लावायचं नाही.

द्यायच्या वेळी घडी पाहिली तर तीही जुनीच, एकाच रेषेवर वर्षभर मोडलेली. जरीला मोड पडला की ती रेशमासारखी परत उठत नाही, त्याच रेषेत कातरत जाते. घडी मोडून साडी मलमलच्या धोतरात घेतली आणि कापडाच्या ताग्यातून उरलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर जर आत येईल अशी गुंडाळली. मावशी म्हणाल्या, एवढी लांब नळी आमच्या कपाटात मावायची नाही.

मग दर दोन महिन्यांनी उलगडून घडीची रेषा बदला, म्हटलं. मावशींनी पिशवीतल्या डायरीत तारीख लिहून घेतली आणि नळी काखेत धरून बसस्टँडकडे निघाल्या.