चटणी आमटीपेक्षा तिखट

हिंदी बोलणारा माणूस पुण्यात नोकरीला येतो, मराठी शिकायला बसतो आणि लवकरच तुलनेच्या वाक्यांपाशी पोहोचतो. इथे शिकवणाऱ्याला पहिलं उदाहरण शहरांचं द्यायचा मोह होतो. मुंबई मोठी, पुणं लहान, झालं की वाक्य. पण नवशिक्याच्या दृष्टीने शहरं अवघड आणि माणसं त्याहून अवघड. सुरुवात ताटापासून करावी.

त्याचं कारण विशेषणांत आहे. ‘मोठा’, ‘चांगला’, ‘जुना’ ही नामाप्रमाणे बदलतात: मोठा, मोठी, मोठं, मोठे, मोठ्या. चवीची विशेषणं मात्र हटवादी आहेत. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. सहाच्या सहा रस घ्या, एकही लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. भात गोड, खीर गोड, श्रीखंड गोड. नवशिक्याला लिंग विसरून फक्त तुलनेकडे लक्ष देता येतं, आणि ही सवलत पुढे फारशी कुठे मिळत नाही.

आता दुसरी बाजू, ‘पेक्षा’च्या आधी येणारं नाम. इथेही सोपे शब्द निवडता येतात. आमटी, चटणी, कढी, पोळी, भाकरी, भाजी, जिलबी: एकवचनात ‘पेक्षा’ लावताना यांना काही होत नाही. चटणी आमटीपेक्षा तिखट आहे. जिलबी बर्फीपेक्षा गोड आहे. भाकरी पोळीपेक्षा जाड आहे. अशी दहा-बारा वाक्यं तोंडात बसली की मग रूप बदलणारे शब्द आणावेत: मिसळीपेक्षा, वरणापेक्षा, साखरेपेक्षा, पोह्यांपेक्षा. गूळ शेवटी ठेवावा, कारण ‘गुळापेक्षा’ म्हणताना दीर्घ ऊकारही ऱ्हस्व होतो.

हिंदीभाषकाचं घोडं अडतं ते ‘से’पाशी. हिंदीत ‘दिल्ली से बड़ा’, ‘दिल्ली से दूर’, ‘चाकू से काटा’, ‘उससे कहा’ या सगळ्यांना एकच ‘से’ पुरतो. मराठीत त्याची वाटणी झालेली आहे: दिल्लीपेक्षा मोठं, दिल्लीपासून लांब, चाकूने कापलं, त्याला सांगितलं. म्हणून ‘चटणी आमटीने तिखट आहे’ असं वाक्य ऐकू आलं, तर समजावं की माणूस चुकीच्या खणात हात घालतोय. यावर चांगला उपाय म्हणजे दोन प्रत्यय एकाच वाक्यात वापरायला लावणं: ‘पुण्यापासून कोल्हापूर मुंबईपेक्षा लांब आहे.’ अंतर कुठून मोजायचं ते ‘पासून’ सांगतं, तुलना कशाशी ते ‘पेक्षा’ सांगतं. हे वाक्य न अडखळता आलं की ‘से’चा प्रश्न जवळजवळ मिटला. (‘हून’नेही तुलना होते, ‘त्याहून बरं’ आपण रोज म्हणतो, पण नवशिक्याने तूर्त ‘पेक्षा’वरच भागवावं.)

ताट सोडण्याआधी ‘जास्त’चं बघायला हवं. ‘पेक्षा’ असताना विशेषणाला ‘जास्त’ची गरज नसते, ‘आमटीपेक्षा जास्त तिखट’ म्हटलं तर चूक नाही, एवढंच. भानगड होते ती ‘पेक्षा’ गळून ‘जास्त’ एकटं उरतं तेव्हा. यजमानीणबाईंनी विचारलं, ‘आमटी कशी झालीय?’ आणि पाहुणा म्हणाला, ‘जास्त तिखट आहे.’ त्याला म्हणायचं होतं, आमच्याकडच्यापेक्षा तिखट. बाईंना ऐकू आलं, तिखट प्रमाणाबाहेर पडलंय. मग ताटात तुपाचा चमचा येतो आणि क्षमा मागितली जाते. ‘आमच्या डाळीपेक्षा तिखट आहे, पण छान आहे’ हे लांब वाक्यच इथे सुरक्षित.

क्रियापदाबरोबर मात्र ‘जास्त’ लागतंच: मला पोह्यांपेक्षा उपमा जास्त आवडतो. याच साच्यात एक खड्डा आहे. ‘मला तुमच्यापेक्षा आमटी जास्त आवडते’ याचे दोन अर्थ होतात. तुम्हाला जेवढी आवडते त्याहून मला जास्त आवडते, हा एक. दुसरा असा, की तुम्ही आवडता त्यापेक्षा मला आमटी प्रिय. आपण संदर्भाने समजून घेतो, आणि समजलं तरी हसतो. ‘तुम्हाला आवडते त्यापेक्षा मला आमटी जास्त आवडते’ असं सांगितलं की गोंधळ राहत नाही.

मग शहरं. इथे विशेषण बदलतं आणि कुणाप्रमाणे बदलायचं हा प्रश्न येतो. मुंबई स्त्रीलिंगी, पुणं, ठाणं, नाशिक, नागपूर नपुंसकलिंगी. विशेषण चालतं ज्याच्याबद्दल बोलतोय त्याच्याप्रमाणे, पण नवशिक्याचा कान शेवटी ऐकलेल्या नामाकडे ओढला जातो आणि ‘ठाणं मुंबईपेक्षा चांगली आहे’ असं निघून जातं. ‘पेक्षा’ लागलेला शब्द मनातल्या मनात झाकून वाक्य म्हणायला सांगावं: ठाणं... चांगलं आहे. हवापाण्यावर बोलताना ‘नागपूर पुण्यापेक्षा गरम आहे’ हे कळतं, पण तसं कुणी फारसं बोलत नाही. नागपूरला पुण्यापेक्षा जास्त ऊन असतं, मुंबईला पुण्यापेक्षा जास्त उकडतं, अशी बोलायची रीत.

‘सबसे’चं ‘सगळ्यात’ करायला हिंदीभाषकाला वेळ लागत नाही. चुकते ती चौकट. ‘महाराष्ट्र की सबसे ऊँची चोटी’ डोक्यात असल्याने तो ‘महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर’ म्हणतो. मराठी कानाला ‘महाराष्ट्रातलं’ हवं असतं: कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे, १६४६ मीटर. ‘तलं’ही पुढच्या नामाप्रमाणे बदलतं: पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ, ऑफिसातला सगळ्यात हुशार मुलगा.

माणसं शेवटी, कारण तिथे व्याकरणाबरोबर रीतभातही सांभाळायची असते. ‘मीपेक्षा’, ‘तोपेक्षा’ असं होत नाही. माझ्यापेक्षा, त्याच्यापेक्षा, तिच्यापेक्षा अशी रूपं पाठच करावी लागतात. ‘मोठा’, ‘लहान’ हे माणसाच्या बाबतीत वयाने धरले जातात, उंचीला ‘उंच’. ‘तो माझ्यापेक्षा मोठा आहे’ ऐकल्यावर समोरचा ‘किती वर्षांनी?’ असंच विचारणार. या ‘वर्षांनी’कडेही लक्ष असू द्यावं, फरक सांगताना ‘नी’ लागतो: दोन वर्षांनी मोठी, तीन इंचांनी उंच, पाच रुपयांनी महाग. मान द्यायचा असला की विशेषण अनेकवचनात जातं: जोशीबाई माझ्यापेक्षा मोठ्या आहेत. कुणाचं उणं सांगायची वेळ आली, तर ‘पेक्षा’ बाजूला ठेवून ‘एवढा... नाही’ वापरावं. ‘तो दादापेक्षा बुटका आहे’ हे टोचतं, ‘तो दादाएवढा उंच नाही’ हे खपतं.

आता चहाच्या वेळी हे सगळं एकत्र कसं येतं ते बघा.

‘तुम्हाला पुणं आवडलं का?’

‘हो, आवडलं. लखनौपेक्षा महाग आहे, पण इथे तिकडच्याएवढं ऊन नसतं.’

‘आणि जेवण?’

‘मिसळ सगळ्यात जास्त आवडते.’

‘कुठली? कोल्हापूरची की पुण्याची?’

या प्रश्नाला ‘सगळ्यात चांगली कोल्हापूरची’ असं उत्तर पुण्यातल्या ऑफिसात दिलं, तर चहाची सुट्टी संपेपर्यंत दुसरा विषय निघणार नाही. त्यासाठी दोन तुकडे जवळ ठेवावेत. एक ‘मला तरी’, म्हणजे मत आपल्यापुरतं राहतं. दुसरा ‘त्यातल्या त्यात’, म्हणजे निवड तर होते, पण कुणाला पहिला नंबर द्यावा लागत नाही. ‘कोल्हापूरची पुण्याच्या मिसळीपेक्षा तिखट असते, त्यामुळे मला तरी त्यातल्या त्यात पुण्याची झेपते.’ आणि इथे ‘आहे’ नव्हे, ‘असते’, कारण गोष्ट समोरच्या बशीची नाही, एकूण मिसळीची आहे.