डोकं हाताकडे

रविवार, सकाळचे साडेअकरा

आज केस धुतले आणि उजवा खांदा ठणकला नाही. वहीत नोंदवण्याजोगीच गोष्ट आहे, कारण गेलं वर्षभर न्हाण्याच्या दिवशी दुपारचं जेवणही मी डाव्या हाताने जेवत होते.

आपल्या मुंबईच्या घरांतली न्हाणीघरं म्हणजे बादली, मग आणि वळायलाही जागा नाही. मी उभं राहून, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने मोठा मग डोक्यावर उपडा करत असे. एक लिटरचा मग भरला की एक किलो वजन. ते खांद्याच्या वर नेऊन तिरकं करायचं, तेही दहा-बारा वेळा. खांद्याचा सांधा झिजलाय, हात कानाच्या वर जातच नाही. मग मान वाकडी करून, कंबर मोडून कसंबसं उरकायचं. मागचा भाग, मानेच्या केसांच्या रेषेपाशी, बोटं पोचतच नसत. तिथे खाज सुटली, पांढरी पापडी दिसायला लागली. मी समजले कोंडा, आणखी शॅम्पू ओतला. सुनेने एकदा मागून बघितलं आणि म्हणाली, "आई, हा कोंडा नाही, साबण राहिलाय." बोट फिरवलं तर केस बुळबुळीत. नीट खळबळलेले केस बोटांत ओढले की किंचित करकरतात, हे तिनेच दाखवलं.

फिजिओथेरपीवाल्या बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "हात डोक्याकडे नेऊ नका, डोकं हाताकडे आणा." सगळी गोष्ट त्यावरच फिरली.

आता प्लास्टिकचं चार पायांचं स्टूल आहे, बसल्यावर पाय सपाट टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील एवढं उंच. आधी चौरंगावर बसायचा प्रयत्न केला होता. बसले खरी, उठताना मात्र दोघांनी उचलावं लागलं. स्टुलाच्या पायांना रबर आहे आणि खाली रबरी चटई, कारण शॅम्पूचं पाणी लादीवर आलं की पाय सटकतोच. समोर दुसऱ्या स्टुलावर बादली ठेवते, मांडीच्या उंचीवर. मग बदलला, आता पाव लिटरचं छोटं भांडं आहे. फेऱ्या बऱ्याच जास्त होतात, पण ते मनगटानेच उलटतं.

कोपर मांडीवर टेकवायचं, डोकं पुढे झुकवायचं, केस चेहऱ्यासमोर सोडायचे. कपाळावर घडी घातलेला पंचा दाबला की डोळ्यांत काही जात नाही. आधी मानेकडचा भाग, नंतर पुढचा. बोटांच्या पेरांनी चोळायचं, एका वेळी एकाच हाताने. एक हात दमला की दुसरा. दोन-तीन मिनिटांनी सरळ बसून श्वास घेते, कारण सतत वाकून उठलं की मला गरगरतं. आजही उठताना आधी एक मिनिट नुसतीच बसून राहिले.

शॅम्पूची गंमत वेगळीच. पाकीट फाडायला अंगठ्याच्या सांध्यात जोर नाही, म्हणून मी दातांनी फाडत होते आणि निम्मं तोंडात जात होतं! आता पंपाची बाटली आहे, बिनवासाचा सौम्य शॅम्पू. एक चमचा शॅम्पू अर्धी वाटी पाण्यात मिसळून, जुन्या सॉसच्या टोकदार बाटलीत भरते. टाळूवर थेट धार जाते, फेस करायला चोळावं लागत नाही आणि धुतलाही चटकन जातो. मिसळलेलं उरलं तर ओतून टाकायचं. पाणी घातल्यावर ते टिकत नाही. शिकेकाईचा मला फार मोह आहे, पण पूड केसांत अडकते आणि काढायला तीन बादल्या लागतात. ती आता सणासुदीला, सुनेच्या हातून.

आदल्या रात्री थापून तेल लावणंही सोडलं. ते काढायला दोनदा धुवावं लागायचं. आता तासभर आधी चमचाभर पुरतं. वेळही बदलली. सकाळी उठल्या उठल्या सांधे आखडलेले असतात, म्हणून अकरानंतर, गिझरचं कोमट पाणी भरून. आमच्याकडे पाणी सकाळीच येतं, त्यामुळे बादली आधीच भरून ठेवावी लागते, एवढंच.

काल संध्याकाळी शेजारच्या वहिनींना उत्साहाने सांगायला गेले होते. त्यांना मानेच्या मणक्यांचा त्रास आहे, डॉक्टरांनी पुढे वाकायलाच मनाई केलीय. माझा उपाय त्यांना चालायचा नाही, उलट नडेल. आणि पार्लरच्या बेसिनवर मान मागे टाकून धुवायचं तर त्यात मानेला आणखी धोका. त्यांनी सरळ बसून राहायचं आणि मुलीने मागून हॅन्ड शॉवरने धुवायचं, असं ठरलं. मुलगी मात्र फक्त शनिवारीच मोकळी असते, आणि या दमट हवेत वहिनींना आठवडाभर थांबवत नाही. बघू.

केस अजून ओलेच आहेत. पंख्याखाली बसलेय, पंचा खांद्यावर, चोळत नाहीये, नुसतं टिपतेय.