28 खण आणि अकराचा चहा

औषधांच्या दुकानात आठवड्याच्या गोळ्यांची डबी मिळते ती 28 खणांची. सात वार आणि प्रत्येक वाराला चार झाकणं: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. पण रत्नागिरीत माझ्या आईचा दिवस असा चार भागांत पडत नाही. तो पडतो चहांवर. उठल्याउठल्याचा, न्याहारीनंतरचा, अकराचा आणि चारचा. गोळ्या बसवायच्या त्या या चहांना वळसा घालून.

तिच्या गोळ्या काही जगावेगळ्या नाहीत. थायरॉइडची, प्रेशरची, साखरेची दोन वेळा, कोलेस्टेरॉलची, हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून लोहाची, हाडांसाठी कॅल्शियमची आणि रविवारी ड जीवनसत्त्वाची. पूर्वी यातल्या बहुतेक सकाळीच एकदम पोटात जात. "एकदाचं उरकलं की दिवसभर डोक्याला ताप नाही," हे तिचं म्हणणं. चिठ्ठीवर तरी काय असतं? 1-0-0, नाहीतर 1-0-1. त्यातला पहिला एक चहाच्या आधीचा की नंतरचा, एकटा की चौघांत, हे त्या आकड्यांत कुठे लिहिलेलं नसतं. थायरॉइडची गोळी 75 मायक्रोग्रॅमची होती. थायरॉइड कमी पडलं की रक्ततपासणीत टीएसएचचा आकडा चढतो. तो वाढला म्हणून गोळी 100 ची झाली, तरी टीएसएच वरच. मग एका डॉक्टरांनी आणखी वाढवण्याआधी विचारलं, "आजी, ही गोळी कशाबरोबर घेता?" आई म्हणाली, "सगळ्यांबरोबर."

थायरॉइडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन. पोटात त्याला कॅल्शियम किंवा लोह भेटलं, की दोघं एकमेकांना चिकटतात आणि थायरॉक्सिनचा बराच भाग रक्तात न जाता तसाच बाहेर पडतो. गोळी रोज घेतली जाते, डबीतून रोज कमी होते, पण शरीराला पुरती मिळत नाही. बाहेरून काही कळत नाही, कळतं ते टीएसएचच्या आकड्यावरून. म्हणून या दोन्हींपासून तिला चार तास लांब ठेवायचं. लोह आणि कॅल्शियमचंही आपसात पटत नाही, आणि लोहाचं चहाशी तर मुळीच नाही. लग्नाच्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही याची यादी असते ना, तशीच ही यादी. ती एकदा हाताशी आली की मग घड्याळ मांडता येतं.

आईचं घड्याळ असं बसलं. सहाला थायरॉक्सिन, रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही नाही. पहिला चहा सातला गेला. यावर घरात थोडी कुरबुर झाली, पण ती पाचलाच जागी असते, तेव्हा गोळीच अलीकडे आणता आली. साडेआठला न्याहारीबरोबर प्रेशरची आणि साखरेची. साखरेची म्हणजे मेटफॉर्मिन, ती खाण्याबरोबरच बरी, नाहीतर पोट बिघडतं. एकला जेवताना कॅल्शियम. तिचं कॅल्शियम कार्बोनेटचं आहे, ते अंगी लागायला जेवणावेळचं आम्ल लागतं. रात्री जेवणाबरोबर दुसरी मेटफॉर्मिन, आणि कोलेस्टेरॉलचीही तेव्हाच.

अडलं ते लोहापाशी. लोहाला रिकामं पोट आवडतं. रात्री झोपताना द्यावी तर ती घेऊन आडवं झालं की छातीत जळजळतं. संध्याकाळी चारचा चहा आडवा येतो. उरली ती अकराची वेळ: थायरॉक्सिनपासून पाच तास, न्याहारीपासून अडीच, कॅल्शियमच्या आधी दोन. वेळ अगदी चपखल, फक्त तिथे आधीपासून चहा बसलेला.

"अगं, अकराचा चहा सोडायचा तर मग जगायचं कशाला?"

बरीच घासाघीस झाल्यावर अकराला लोहाची गोळी आणि लिंबाचं पाणी ठरलं. लिंबानं लोह जास्त शोषलं जातं आणि हातात पेलाही राहतो. चहा न्याहारीनंतरच्या चहात मुरवला. तोही थोडा अलीकडे ओढावा लागला, कारण चहा आणि लोह यांच्यात तास-दोन तासांचं अंतर हवं. लोहानं शौचाला काळं होतं, हे तिला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर दुपारी दोनला फोन आला असता.

म्हणजे डबीच्या चार खणांत पाच वेळा आल्या. त्यावर उपाय असा की थायरॉक्सिन डबीत घालायचंच नाही. आईचं ते बाटलीतून येतं आणि त्याला उजेड, उष्णता, दमट हवा तिन्ही सोसत नाहीत. बाटली उशाशी असते. गोळी घेतली की ती बाटली उलटी ठेवते, रात्री दिवा मालवताना सुलटी. घेतली की नाही, हे विचारावं लागत नाही. डबीचे चार खण मग न्याहारी, अकरा, दुपारचं जेवण आणि रात्र असे झाले. छापलेल्या नावांवर पट्ट्या चिकटवल्या.

डबी भरतो शनिवारी. एकेक वार पुरा करत गेलं तर हात चुकतो, म्हणून एकेक औषध घेऊन सातही वारांतून फिरायचं. दहाच्या पाकिटातून सात काढल्या की तीन उरल्या पाहिजेत. दोन किंवा चार उरल्या तर कुठल्या तरी खणात घोळ आहे. गोळ्या पाकिटाच्या तुकड्यासकट कापून घालायचा मोह होतो, कारण कोकणच्या पावसाळ्यात उघडी गोळी मऊ पडते. पण वयस्कर माणसं धारदार कडांचा तो चांदीचा तुकडा गोळीसकट गिळून बसल्याची उदाहरणं आहेत. म्हणून गोळ्या सोलून, पण आठवड्यापुरत्याच, आणि डबी स्वयंपाकघराबाहेर. ज्यांच्या पाकिटावर मूळ वेष्टनातच ठेवा असं लिहिलंय त्या सोलायच्या नाहीत, हे दुकानदाराला विचारून घेतलं.

सगळ्यांत जपायचं ते रविवारचं. ड जीवनसत्त्वाची ती कॅप्सूल 60,000 युनिटची, आठवड्यातून एकदा, जेवणात तूप असेल तेव्हा. रोजच्या गोळ्यांत ती मिसळली आणि कोणी रोज घेत सुटलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, सुस्ती, मूत्रपिंडाला त्रास इथवर जातं. तिचं पाकीट म्हणून माझ्या कपाटात. शनिवारी एकच बाहेर येते आणि रविवारच्या दुपारच्या खणात बसते. डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे कॅलेंडरवर गोल करून ठेवलेत, शेवटच्या गोलापुढे "बंद" लिहिलंय.

खण भरलेला दिसला की गोळी राहिली, एवढं डबी सांगते. राहिली तर काय, ते डबीला माहीत नसतं. झाकणाच्या आत चिठ्ठी लावलीय: राहिलेली गोळी पुढच्या गोळीबरोबर दुप्पट करायची नाही, फोन करायचा.

दोन महिन्यांनी टीएसएच पाहिला तर या वेळी चक्क खाली गेलेला. अडथळा निघाल्यावर 100 ची गोळी पुरती लागू पडायला लागली होती, आणि मधल्या दिवसांत आई धडधडतंय म्हणत होती ते उगाच नव्हतं. डॉक्टरांनी ती पुन्हा 75 वर आणली. "बघ, गोळी कमी झाली," आई म्हणाली, "आता अकराच्या चहाचं बघ काहीतरी." हिमोग्लोबिनचा रिपोर्ट यायचाय. लोह थांबलं तर मिळेल, असं कबूल केलंय.