आमची वाटचाल : डोंबिवलीतील एका ओल्या भिंतीची हकिगत

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर एका लहानशा गाळ्यात आम्ही २००९ साली घरांच्या खरेदी-विक्रीचे काम सुरू केले. सुरुवातीची वर्षे भाड्याच्या घरांवरच निघाली आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. आमच्या व्यवसायाला आज जे स्वरूप आहे ते ज्या व्यवहारामुळे आले, तो व्यवहार मात्र आमच्या हातून पूर्ण झालाच नव्हता.

२०१६ सालच्या एप्रिल महिन्यात एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आमच्याकडे विक्रीस आला. मालक पुण्याला स्थायिक झालेले होते आणि भाडेकरू गेल्यापासून, म्हणजे सुमारे दोन महिने, घर कुलूपबंद होते. नुकताच रंग दिलेला असल्यामुळे ते नीटनेटके दिसत होते. आम्ही आणलेल्या दांपत्याला घर पसंत पडले, बेचाळीस लाखांवर बोलणी ठरली आणि दुसऱ्या दिवशी टोकन द्यायचे असे ठरवून सर्वजण निघायच्या बेतात असताना त्या गृहिणीने, आपले कपाट येथे मावेल का हे पाहण्यासाठी, बेडरूममधले जुने लाकडी कपाट थोडे पुढे ओढायला सांगितले.

कपाटामागे जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंत नव्या रंगाला फुगे आले होते, पोपडे सुटले होते आणि फरशीच्या कडेला लोणा लागून पांढरी भुकटी साचली होती. “गेल्या पावसातली ओल असेल, वाळेल,” असे मालक म्हणाले. माझ्याकडे पाहून त्या गृहस्थांनी विचारले, “तुम्हांला काय वाटते?” मी सांगितले की ही ओल पावसाची दिसत नाही, भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे, तेव्हा पाणी तिकडून येत असावे आणि कारण कळल्याशिवाय टोकन देऊ नये.

ते दांपत्य पुन्हा आले नाही. दोन्ही बाजूंकडून एक-एक टक्का याप्रमाणे चौऱ्याऐंशी हजारांची दलाली गेली, आणि मालकांचा पारा चढला तो वेगळाच. “दलाली माझ्याकडूनही घेणार आणि बाजू मात्र त्यांची घेणार?” असे ऐकवून ते किल्ल्या घेऊन गेले. वस्तुतः मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल तर तो त्याने सांगणे बंधनकारक आहे. पण रागावलेल्या माणसापुढे कलमे वाचण्यात अर्थ नसतो.

जुलैमध्ये त्यांचाच फोन आला. दुसऱ्या एजंटमार्फत टोकन घेऊन झाले होते. परंतु खरेदीदार घर पाहत असतानाच खालच्या मजल्यावरचे शेजारी आपल्या छताचा डाग दाखवायला वर आले आणि टोकन परत करावे लागले. “त्या दिवशी तुम्हांला नेमके काय दिसले होते?” असे त्यांनी विचारले.

माझे उत्तर साधे होते. पावसाची ओल सहसा बाहेरच्या भिंतीवर किंवा खिडकीच्या कोपऱ्यांपाशी दिसते आणि वरच्या घरातून येणारी छताकडून खाली उतरते. ही भिंत आतली होती, ओल तळाशी होती आणि महिना एप्रिलचा होता. तिसऱ्या मजल्यावर जमिनीतून ओल चढण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय बंद घरात कोणी अंघोळ करत नसताना फरशीच्या सांध्यांतून रोज पाणी झिरपणार कसे? उरली ती भिंतीत गाडलेली, टाकीच्या पाण्याने सतत भरलेली जुनी जीआय पाइपलाइन.

अंदाजावर फरशी फोडणे मला मान्य नव्हते. त्यामुळे ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून आम्ही बाथरूमचा स्टॉप कॉक बंद केला. ऐन पावसाळ्यातही तीन आठवड्यांत ओल त्या रेघेच्या बरीच आत सरकली, आणि कॉक उघडल्यावर काही दिवसांत पुन्हा रेघेपर्यंत आली. मग प्लंबरने तेवढ्याच टाइल्स काढल्या, तेव्हा एका एल्बोपाशी गंजलेला पाइप सापडला. नवी सीपीव्हीसी लाइन टाकली, सुटलेले प्लास्टर खरवडून काढले आणि भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंगाला हात लावू दिला नाही, कारण ओल्या प्लास्टरवर दिलेला रंग पुन्हा फुगतोच.

पुढल्या वर्षी तो फ्लॅट आमच्यामार्फतच विकला गेला आणि दुरुस्तीची बिले आम्ही खरेदीदाराला कागदपत्रांसोबत दाखवली. त्याच मालकांनी नंतर आपल्या आईचे घर आणि दोन दुकानगाळे भाड्याने देण्याचे काम आमच्याकडे सोपवले, ते आजही आमच्याकडेच आहे. आता कोणत्याही घराच्या किल्ल्या स्वीकारताना आम्ही मालकांसमोरच कपाटे पुढे ओढतो आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतींची स्थिती लिहून त्यांची सही घेतो. सही द्यायला काहीजण नकार देतात. त्यांचे घर आम्ही यादीत घेत नाही.