आमची वाटचाल: लायसन्स गेलं तेव्हा

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात भुसारी दुकान बाबांनी सुरू केलं, उकडे तांदूळ, नारळ, सोलं, सुकी मासळी, मग मी फ्रीजर आणून दूध-आइसक्रीम वाढवलं. सगळं नीट चाललं होतं, आणि चवथीच्या तोंडावर, माल भरून ठेवलेला असताना, पंचायतीचा माणूस शटरला कागद चिकटवून गेला. त्यात एवढंच, ‘तक्रारीवरून व सार्वजनिक हितासाठी ट्रेड लायसन्स रद्द.’ तक्रार कसली, कोणाची, काही नाही. आधी नोटीस नाही, बोलावणं नाही.

पंचायतीत विचारलं तर म्हणाले, तुमचा फ्रीजर रस्त्यावर येतो म्हणून. अहो, मग कागदात लिहायचं ना तसं!

म्हापशाच्या वकीलबाईंनी नीट समजावलं. म्हणाल्या, दादा, लायसन्स रद्द करायचा अधिकार त्यांना आहे, पण आधी आरोप काय ते लेखी कळवायचं, उत्तराला पुरेसा वेळ द्यायचा, म्हणणं ऐकायचं आणि मग कारणं लिहून निर्णय द्यायचा. याला नैसर्गिक न्याय म्हणतात. मनेका गांधींचा पासपोर्ट असाच सार्वजनिक हिताच्या नावाखाली जप्त केला होता, त्या केसमध्ये 1978 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात सुनावणीचा शब्द नसला तरी माणसाचं म्हणणं ऐकायलाच हवं. आणि त्याच्या थोडं आधी मोहिंदरसिंग गिल केसमध्ये म्हटलंय की आदेशात जी कारणं लिहिलीत त्यावरच तो टिकायला हवा, मागाहून नवीन कारणं जोडता येत नाहीत. म्हणजे फ्रीजरचं कारण आता तोंडी सांगून उपयोग नाही, हे ऐकून मला खरंच धीर आला.

पण त्यांनी हेही सांगितलं की विषबाधेसारखा तातडीचा धोका असेल तर आधी बंद करून नंतर ऐकतात, आणि अपील जिंकलं तरी लायसन्स कायमचं वाचलं असं नाही, पंचायत रीतसर नोटीस काढून परत सुरुवात करू शकते.

झालंही तसंच. अपील केलं, सोबत आदेशाला स्टे द्या असा अर्ज दिला, स्टे मिळाला म्हणून चवथीचा माल विकता आला, नाहीतर सगळा अंगावर पडला असता. पुढे सुनावणीशिवाय काढलेला आदेश रद्द झाला आणि पंचायतीला सांगितलं, नोटीस देऊन नव्याने ठरवा.

या वेळी नोटिशीत फ्रीजर रस्त्याच्या हद्दीत असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं, सोबत तक्रारीची कॉपी. आता उत्तर देता आलं! मी सर्व्हे प्लॅन, जमिनीचा वन-फोर्टीनचा उतारा आणि टेप लावून काढलेले फोटो जोडले, इनवर्डचा शिक्का मारलेली कॉपी घेतली. सुनावणीत प्लॅन टेबलावर पसरून दाखवलं, फ्रीजर आमच्याच पडवीत, हद्द त्याच्या पुढे. सचिवांनी येऊन स्वतः मोजलं, पंचनामा केला. निर्णय दोन पानांचा आला, कारणांसकट, आणि लायसन्स कायम. अट एकच घातलीय, नारळाची पोती पडवीच्या पायरीखाली ठेवायची नाहीत, ती आता आत मागच्या खोलीत ठेवतो.