बेचाळिसावी फ्रेम

मंगळवार, रात्रीचे पावणेदोन

आत्याने एकच प्रश्न विचारला आणि ती ताटे घ्यायला उठली. मी मात्र तेव्हापासून त्या प्रश्नातून उठलेली नाही. काचेवर वाळूने चित्र काढायचे, ते जरा जरा बदलत दर वेळी एक फोटो घ्यायचा आणि ते फोटो सलग चालवायचे, असा मी केलेला तुकडा अवघ्या सहा सेकंदांचा होता. सर्जा बैल उभा आहे, आधी कान हलवतो आणि मग मान वळवून मागे पाहतो, एवढेच त्यात आहे. ती मान तिला नीट दिसावी म्हणून मी तिला लॅपटॉपच्या अगदी समोर बसवले होते. तुकडा संपला, तिने चष्मा काढला आणि म्हणाली, "मंधातच ऊन कसं काय पडलं वं?"

सेकंदाला बारा फोटो, म्हणजे सहा सेकंदांचे बहात्तर. एका फोटोमागे पाच मिनिटे धरली तरी सहा तास होतात, आणि ते सहा तास मी कूलर बंद करून काढले आहेत, कारण कूलरचा वारा थेट आला नाही तरी काचेवरची बारीक वाळू जागची हलते आणि त्याच्या ओलसर हवेत वाळूचे कण एकमेकांना धरून बसतात. मे महिन्यात आपल्याकडे कूलर बंद करून बसणे म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. खिडकीही लावूनच घ्यावी लागते, कारण खोलीत उजेड असतो तो फक्त काचेखालून, आणि गावातल्या साऱ्या किड्यांना त्याचा पत्ता लागलेला असतो. मागच्या आठवड्यात एक मुंगळा सर्जाच्या पोटातून आरपार निघून गेला आणि मागे सरळ पांढरी रेघ ठेवून गेला. एवढे सगळे करून मला मिळाले काय, तर ऊन.

राग आला, हे कबूल केले पाहिजे. मान कशी वळली याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. पण राग ओसरल्यावर मी तुकडा पुन्हा लावला आणि ऊन खरोखरच पडले. साडेतीन सेकंदांपर्यंत सर्जाभोवतीची जागा हळूहळू पिवळट, मळकट होत जाते आणि मग एकाएकी लख्ख पांढरी होते. मला हे सहा तासांत दिसले नाही, कारण मी सहा तास फक्त मानेकडे पाहत होते. आत्या मानेकडे पाहत नव्हती, ती चित्राकडे पाहत होती.

पहिला संशय मी विजेवर घेतला, कारण तिच्यावर संशय घेणे नेहमीच सोपे असते. काचेखाली आठ इंचांवर एलईडीचे पॅनल आहे आणि मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिक आहे, म्हणजे उजेड सगळीकडे सारखा पसरतो. व्होल्टेज वर-खाली झाले असेल तर तो मध्येच वाढू शकतो. कॅमेऱ्याने आपल्या मनाने काही केले असण्याचा प्रश्न नव्हता. तो काचेच्या वर तीन फुटांवर भिंतीला ठोकलेल्या लोखंडी पाइपवर उलटा बांधलेला आहे आणि त्याचे फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स हे सगळे मी हाताने ठरवून बंद केलेले आहे. म्हणून एकेचाळीस आणि बेचाळीस या दोन फ्रेम घेतल्या आणि आलटून पालटून पाहिल्या. वरच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे मी कधीच वाळू टाकत नाही आणि ब्रशही नेत नाही, तिथला पांढरा रंग दोन्हींत अगदी तोच होता. मानेच्या मागची जागा मात्र एकीत चहात बुडवल्यासारखी आणि दुसरीत धुतल्यासारखी होती. उजेड बदलला असता तर कोपराही बदलला असता. वीज निर्दोष सुटली. दोष माझ्या सफाईचा निघाला.

ही सफाई करण्याची माझी पद्धत अशी आहे. एक फोटो झाला की मान तीन-चार मिलिमीटर पुढे न्यायची, म्हणजे ज्या बाजूला ती जाणार तिथे वाळू वाढवायची आणि जिथून ती निघाली तिथली काढायची. जास्तीची वाळू मी लग्नपत्रिकेच्या तुकड्याने ढकलते, कारण तो कागद जाड असतो आणि त्याची कडा सरळ राहते. मग बारीक ब्रशने मानेची कड साफ करते आणि शेवटी रबरी फुग्याने, लेन्सवरची धूळ उडवतात त्याने, उरलेले कण चित्रापासून दूर उडवते. फुग्याचे तोंड नेहमी बाहेरच्या दिशेने ठेवावे लागते. एकदा चुकून आत वळले आणि सर्जाचे शिंग गेले. इतके केल्यावर डोळ्यांना काच स्वच्छ दिसते. ती स्वच्छ नसते. वाळूतली पिठासारखी माती काचेला धरून राहते, ब्रशने ती निघत नाही, उलट पसरते. एका फ्रेममध्ये हे कळत नाही, पण चाळीस वेळा पसरली की तिचा ढग होतो, आणि तो ढग नेमका तिथेच दाट होतो जिथे ब्रश सर्वाधिक फिरला, म्हणजे मानेभोवती.

मग एकेचाळिसाव्या फोटोनंतर माझ्या कपाळावरून घामाचा एक थेंब काचेवर पडला. वाळूवर पाणी पडले की तिथले कण चिकटतात आणि वाळल्यावर डाग राहतो. म्हणून मी ओले फडके पिळून तो डाग पुसला, हात लागलाच आहे तर भोवतालची सगळी मोकळी जागाही पुसून घेतली, आणि काच छान झाली म्हणून मनात खूशही झाले. आत्याचे ऊन ते हेच. पुढे बहात्तरपर्यंत मळ पुन्हा चढत गेला, पण तो चढ हळू असल्याने डोळ्याला जाणवत नाही. जाणवतो तो एकदम आलेला पांढरेपणा. म्हणजे काच थोडी मळकी असणे ही चूक नव्हती, प्रत्येक फ्रेममध्ये ती सारखीच मळकी नसणे ही चूक होती. पुसायचे तर पहिल्या फ्रेमपासून दर वेळी पुसायला हवे होते, नाही तर मध्ये हातच लावायला नको होता. दर वेळी पुसणेही इतके सरळ नाही, कारण कोरड्या हवेत कोरड्या फडक्याने काच घासली की तिच्यावर वीज बसते आणि उडवलेले बारीक कण पुन्हा तिच्याकडे उड्या मारत येतात. फडके किंचित ओले हवे, मग काच पूर्ण वाळेपर्यंत थांबायला हवे, आणि चित्राच्या कडेपासून बोटभर लांबच राहायला हवे.

मूळ चूक तर त्याही आधीची आहे. नाल्यातून आणलेली ही वाळू मला आवडते, कारण काळ्या दगडाची आहे आणि तिच्यातून उजेड जात नाही. पांढऱ्या, काचेसारख्या कणांच्या वाळूत सर्जा काळा न दिसता राखाडी दिसतो. मी ती मैद्याच्या चाळणीने चाळली आणि परातीत धुतली. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे असते, त्याला सहा-सात पाणी लागतात. मी तीन पाण्यांत थांबले, कारण टँकर चार दिवसांनी येणार होता आणि आत्या परातीकडे पाहत उभी होती. आता तिनेच ऊन पाहिले, याला न्याय म्हणावा की काय, मला कळत नाही.

इतके समजल्यावर वाटले की बेचाळीसपासून पुन्हा करावे. पण वाळूत हे होत नाही. कागदावर काढले असते तर चाळिसावा कागद अजून हाताशी असता. इथे प्रत्येक चित्र पुढचे चित्र होताना मोडते, आणि काचेवर आत्ता जो सर्जा आहे तो बहात्तरावा आहे. तरी प्रयत्न केला. एकेचाळिसावा फोटो अर्धपारदर्शक करून कॅमेऱ्याच्या चालू चित्रावर ठेवला आणि त्यावर डोके बरोबर बसवायला निघाले, पण आधी कागदावर, काचेवर नाही, आणि ते बरे झाले. तासभर खटपट करूनही कान जमला नाही. तेव्हा तो अर्धा मुडपलेला होता आणि त्याच्या कडेला वाळू विरळ होऊन तपकिरी पडली होती. तो विरळपणा अपघाताने आला होता आणि ठरवून आणता येत नाही. संगणकावर उजेड कमी करून पाहिला, तर मानेभोवतीचा मळ जुळला आणि स्वच्छ कोपरा काळवंडला. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅरोलिन लीफ हार्वर्डमध्ये काचेवर वाळू पसरून हे काम करू लागल्या, तेव्हा फिल्म धुऊन येईपर्यंत त्यांना काही दिसतही नसणार. तेच बरे असेल. निदान त्या दिवसांत झोप तरी लागत असेल.

सर्जाला नेले त्या दिवशी ऊन होते की आभाळ होते, हे दादाला विचारता येईल. पण त्याला फोन करायचा म्हणजे मग बाकीचेही.

माझा तुकडा पोळ्याचा आहे आणि पोळा श्रावणातल्या अमावास्येला येतो. त्या दिवसांत मध्येच ऊन पडले तर कोणी का असे विचारत नाही. आत्याने विचारले, कारण ऊन एकदाच पडले आणि मग त्याचे काहीच झाले नाही. एकदाच झालेली गोष्ट चूक दिसते. म्हणून असे ठरवले आहे की पुढच्या तुकड्यात काच लगेच पुसायची नाही, सावली परत येऊ द्यायची. मळ आपोआप चढायला चाळीस फ्रेम लागतात, तेवढा वेळ माझ्याकडे नाही. तेव्हा वाळू धुताना परातीत खाली बसलेली बारीक माती वाळवून मलमलीच्या पुरचुंडीत बांधायची आणि दर फ्रेमला काचेवर एकदा हलकेच टिचकी मारायची. दहा-बारा टिचक्यांत आभाळ भरून येईल, असा अंदाज आहे. मग ओले फडके फिरवायचे, पण या वेळी ठरलेल्या फ्रेमला, आणि घाम येण्याआधी.

चूक झाकायला एवढा शहाणपणा सुचतो, आणि तीन पाणी जास्त घालायला सुचला नव्हता.

आत्ताच काचेखालचा दिवा बंद केला आहे आणि सर्जावर मोठी परात उपडी घातली आहे, ती काठाने त्याला कुठेही टेकत नाही, हे दोनदा वाकून पाहिले. सकाळी आत्या कणीक मळायला हीच परात शोधेल, म्हणून वर चिठ्ठी ठेवते. मान कशी वळली ते मात्र तिने अजून सांगितलेले नाही.