आदल्या दिवशीच्या सजावटीचा मेसेज लिहिताना

सणाच्या आदल्या दिवशी कोणी काय करायचं, हे ग्रुपवर टाकायचं काम या वेळी माझ्याकडे आलं. आजवर आमच्याकडे जाणारा मेसेज साधारण असा असतो: "उद्या दुपारी सर्वांनी वेळेवर यावे, येताना जमेल ते साहित्य आणावे." मग व्हायचं तेच होतं. चिकटपट्टीची रिळं पाच येतात आणि कात्री एकही येत नाही. शिडी एक, तिच्यावर चढणारा एक, आणि बाकीचे मान वर करून "जरा डावीकडे" म्हणत उभे.

म्हणून मी माणसांची यादी बाजूला ठेवली आणि आधी शिडीचा दिवस मांडला. आमच्याकडे घडीची शिडी एकच आहे. दोरी, लाइटच्या माळा, पडदा आणि उंचावरचे हार या चारही कामांना तीच लागते. शिवाय वर एक जण असताना खाली धरायला दुसरा हवाच, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कोणी उभं राहायचं नाही. म्हणजे उंचावरची कामं एकामागून एकच होणार, माणसं कितीही असोत. ती ओळीने लावली की उरलेली कामं आपोआप जमिनीवर आणि टेबलावर उतरतात.

क्रम ठरवायला फार डोकं लागत नाही. दोरीशिवाय पडदा नाही, म्हणून दोरी पहिली. लाइट पडद्याच्या आधी, कारण नंतर माळ ओढताना चुण्या विस्कटतात. फुलं शेवटी, कारण ती कोमेजतात. झाडू सगळ्यात शेवटी, कारण फुलांचा कचरा सगळ्यात जास्त. खालची, जमिनीवरची सजावट झाडल्यानंतरच, नाहीतर शिडीचे पाय तिच्यावरूनच फिरतात.

साहित्याचा आकडा काढायला मात्र मी टेप घेऊन हॉलमध्ये गेले. "कापड भरपूर आणा" असं लिहिलं की आणणारा आपल्या मनाने आणतो. आमच्या स्टेजची मागची भिंत 20 फूट रुंद आणि 10 फूट उंच. पडदा सपाट ताणला तर चादर वाळत घातल्यासारखा दिसतो. चुण्या हव्या असतील तर रुंदीच्या निदान दीडपट कापड लागतं, म्हणजे 30 फूट. आम्ही घेतो त्या कापडाचा पन्हा 44 इंच. 30 फुटांचे 360 इंच, भागिले 44, म्हणजे आठ पट्टे आणि किंचित वर. आठच धरले, चुण्या नावाला कमी पडतात. प्रत्येक पट्टा 10 फूट, अधिक वर दोरीवरून दुमडायला आणि खाली मुडपायला मिळून एक फूट. आठ गुणिले 11, म्हणजे 88 फूट, साधारण 27 मीटर. मेसेजमध्ये फक्त "27 मीटर, 11 फुटांचे 8 पट्टे कापून" एवढंच गेलं. "कापून" हा शब्द मुद्दाम घातला. नाहीतर ऐन वेळी शिडीखाली 27 मीटरचा गठ्ठा उलगडत बसतात.

लाइटच्या माळांचा हिशेब उलटा निघाला. सगळ्यांना वाटतं की झोल दिला की खूप लांबी जाते. 15 फुटांच्या अंतरात मधोमध दीड फूट झोल दिला तर माळ जेमतेम पाच इंच जास्त लागते. लांबी खाते ती भलतीच गोष्ट: प्लगपासून पहिल्या खिळ्यापर्यंतचं अंतर. आमचा बोर्ड स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात आहे. कोणी माळ डावीकडून लावायला सुरुवात केली आणि पिनेचं टोक डावीकडेच राहिलं, तर 20 फुटांची एक्स्टेंशन स्टेजभर फिरवावी लागते, ती नेमकी चालण्याच्या वाटेत येते आणि कोणीतरी अडखळतं. म्हणून मेसेजमध्ये एक आगाऊ वाटेल असं वाक्य घातलं: "पिनेचं टोक उजवीकडे." तसंच माळा आधी जमिनीवर पसरून लावून बघायच्या, मगच वर चढवायच्या. अर्धी माळ बंद आहे हे वर बांधल्यावर कळलं तर ती उतरवण्यात शिडीचा अर्धा तास जातो. एक्स्टेंशनची वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडायची, गुंडाळी तापते.

फुलांसाठी अंदाज बांधण्याऐवजी मी घरी घड्याळ लावून ओवून पाहिलं. दहा मिनिटांत दोन फूट. म्हणजे तासाला 12 फूट, पाच जणांचे दोन तासांत 120. आम्हाला हार हवा होता 100 फूट. गप्पा, दोरा तुटणं आणि चहा यांना वरचे 20 पुरतात. ओवणाऱ्यांमध्ये दोघी नवख्या होत्या, म्हणून सहावी जोडली.

एवढं झाल्यावर मेसेज लिहिला. नावं काढून तो असा:

*सजावट: शनिवार, दुपारी 2 ते संध्याकाळी 7:15*
*1. दोरी* (दोघं) 2:00 ते 3:00. स्टेजमागे एक दोरी, भिंतीवर असलेल्या कड्यांनाच. नवीन खिळा नको. मध्ये दोन ठिकाणी वर खेचून बांधा, पडद्याच्या वजनाने लोंबते. साहित्य: 40 फूट नायलॉन दोरी, शिडी.
*2. लाइट* (दोघं) 2:00 ते 3:00 जमिनीवर तपासणी, 3:00 ते 4:00 लावणं. पिनेचं टोक उजवीकडे. साहित्य: माळा 4, एक्स्टेंशन 1, इन्सुलेशन टेप.
*3. पडदा* (तिघं) 4:00 ते 5:15. साहित्य: कापड 27 मीटर, 11 फुटांचे 8 पट्टे कापून, इस्त्री केलेलं. सेफ्टी पिना 50.
*4. पताका* (तिघं) 2:30 ते 4:30, टेबलावर. भिंतीवर फक्त मास्किंग टेप. साहित्य: रंगीत कागद, कात्री 3, डिंक.
*5. हार* (सहा जण) 3:30 ते 5:30 ओवणं. 5:45 ते 6:45 लावणं, फक्त पहिले दोघं. फुलं 3:15 ला हॉलवर. साहित्य: सुया 8, जाड दोरा, ओली फडकी.
*6. झाडणं आणि खालची सजावट* (चौघं) 6:45 ते 7:15.
*शिडी*: 2 ते 3 दोरी, 3 ते 4 लाइट, 4 ते 5:15 पडदा, 5:45 पासून हार.
*उत्तर*: गुरुवारी रात्री 9 पर्यंत आपल्या कामाचा आकडा लिहा. जमत नसेल तर "नाही" लिहा.

प्रत्येक कामापुढे खरं तर दोन नावं होती: काम कोणाच्या जबाबदारीवर आणि साहित्य कोण आणणार. ही दोन माणसं वेगळी असू शकतात, आणि तसं असेल तर साहित्यवाल्याला कामाच्या वेळेआधीची वेळ द्यावी लागते. फुलांची 3:15 म्हणूनच. ओवणारे 3:30 ला बसणार आणि फुलं त्याच वेळी निघणार असतील तर पाऊण तास हात रिकामे.

"उद्या" हा शब्द मी कुठेच ठेवला नाही. मेसेज पुढे पाठवला जातो, कोणी मध्यरात्रीनंतर वाचतो, आणि त्याचा उद्या वेगळा असतो. "संध्याकाळी" एकट्याने नाही, आकडा सोबत.

उत्तर मागायची पद्धतही बदलली. मेसेजवर अंगठा उमटतो, पण तो "वाचलं" असतो की "येतो", हे कोणालाच कळत नाही. आकडा लिहायला सांगितला की माणसाला आपली ओळ शोधावी लागते, म्हणजे ती वाचली जाते. एका ताईंनी "5" लिहिलं आणि लगेच "पण मला शिडीवर चढता येत नाही हं" असंही. मग पहिल्या दोघांत त्यांचं नाव होतं ते सरकवून खाली घेतलं. हे शनिवारी पावणेसहाला कळलं असतं तर?

लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धाच दिसतो, पुढचं उघडून वाचावं लागतं. म्हणून दिवस आणि वेळ पहिल्या ओळीत, ठळक. ठळक करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना `*` टाकलं की पुरतं. नावं `@` लावून घातली, म्हणजे ज्याची त्याला सूचना जाते. मग मेसेज ग्रुपवर पिन केला.

शुक्रवारी कळलं की फुलं 3:15 ऐवजी चारला येतील. जुना मेसेज दुरुस्त करण्याच्या फंदात मी पडले नाही. पाठवल्यावर पंधरा मिनिटांतच तो बदलता येतो, आणि बदलला तरी कोणाला नव्याने सूचना जात नाही. त्याऐवजी फक्त पाचव्या कामाच्या लोकांना दोन ओळी टाकल्या: "फुलं 4:00 ला. ओवणं 4:00 ते 5:45, लावणं 5:45 पासूनच." ओवायला पावणेदोन तासच उरले, पण सहावी जोडलेली होती. सहा जणांचे तासाला 72 फूट, पावणेदोन तासांत 126. पुरेसं होतं. पडद्यानंतर शिडीला ठेवलेला अर्धा तासही तसाच शिल्लक राहिला.

तो अर्धा तास मात्र पडद्यानेच खाल्ला. दोरी मधे वर खेचूनही डाव्या बाजूला चार बोटं लोंबत होती, आणि ती सारखी करताना पिना पुन्हा काढाव्या लागल्या. पडदा 5:35 ला झाला. हार वेळेवर वर चढले. ओवलेले हार तोवर टोपलीत ओल्या फडक्याखाली पसरून ठेवले होते. एकाने सोयीसाठी काही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते, ते आतून गरम लागत होते आणि पाकळ्या काळवंडायला लागल्या होत्या. ते सोडवून मागच्या बाजूला लावले. ओला हार जड असतो, टेप त्याला पेलत नाही, म्हणून सगळे दोरीलाच बांधले.

7:20 ला दाराजवळून सगळ्या हॉलचा एक फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. त्याखाली सण संपल्यानंतरच्या दिवसाचा मेसेज, सहाच ओळींचा: काय आधी उतरवायचं, कोणाची कात्री कोणाकडे परत जायची, शिडी कोण नेऊन ठेवणार. उत्तर पुन्हा आकड्यातच मागितलं. रात्री दहापर्यंत चार आकडे आले, दोन बाकी होते.